दहा कंपन्यांची यादी आणि एक जुना पीएलसी

*भोसरीत आमची सोळा जणांची ऑटोमेशन फर्म आहे. पॅनेल बनवतो, पीएलसी-एचएमआयचं प्रोग्रॅमिंग करतो, जुन्या मशीनचं रेट्रोफिट करतो. पण सत्तर टक्के धंदा एकाच गिऱ्हाइकाकडून येतो. मागच्या तिमाहीत त्यांनी हात आखडता घेतला आणि आमची झोप उडाली. मग आम्ही भागीदारांनी बसून दहा चांगल्या कंपन्या निवडल्या. सगळ्यांना कंपनी प्रोफाइल ई-मेल केलं, दोनदा आठवण केली, लिंक्डइनवरही लिहून पाहिलं. एका ठिकाणाहून ‘कोटेशन पाठवा’ असं उत्तर आलं, बाकी शांतता. मार्केटिंगला वेगळा माणूस नाही, मी आणि एक अ‍ॅप्लिकेशन इंजिनिअर एवढेच आहोत. या दहा कंपन्यांत शिरायची योजना कशी आखावी?*

*– एक उद्योजक, भोसरी*

नमस्कार,

यादीत थेट गाड्या बनवणाऱ्या कंपन्या असतील तर आधी त्यांची नावं खोडा. ते लोक अख्खी लाइन टर्नकी घेतात, लाइन बांधणाऱ्या मोठ्या कंपन्यांकडून. तिथे तुम्हाला जागा मिळालीच तर त्या लाइन-बिल्डरचा सब-काँट्रॅक्टर म्हणून मिळेल, आणि ती वाट वेगळी आहे. औषध कंपन्यांचं काम तुम्ही आजवर केलेलं नसेल तर त्याही सध्या बाजूला ठेवा. तिथे प्रोग्रॅम लिहिण्याइतकाच वेळ व्हॅलिडेशनची कागदपत्रं करण्यात जातो आणि तो दरात धरायला नवखा माणूस हमखास विसरतो. उरतात त्या गाडी कंपन्यांना माल पुरवणाऱ्या: ब्रेकचे भाग, गिअर, कास्टिंग, रबर सील, वायरिंग हार्नेस. त्यांच्याकडे दहा-पंधरा वर्षं जुनी मशीन्स असतात, मेंटेनन्सची माणसं मोजकी असतात, आणि मशीन बनवणारा परदेशात किंवा बंद पडलेला असतो.

दुसरी चाळणी अंतराची. रात्री दोन वाजता फोन आला तर तुमचा माणूस दीड-दोन तासांत गेटवर उभा राहील का? चाकण, तळेगाव, रांजणगाव, शिरवळ इथे राहील. वाळूजला नाही राहणार. पहिल्या वर्षी वाळूज सोडा.

तिसरी चाळणी सगळ्यांत महत्त्वाची आणि बहुतेक जण तीच लावत नाहीत. दहाही कंपन्यांत एकच दुखणं असलं पाहिजे, आणि त्या दुखण्याची तारीख ठरलेली असली पाहिजे. दहा कंपन्यांची दहा वेगळी दुखणी शोधायला तुमच्याकडे माणसं नाहीत. तुम्ही रेट्रोफिट करता, म्हणून मी तुम्हाला सीमेन्सचा एस७-३०० सुचवतो. या घराण्याचा फेज-आउट कंपनीने १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू केला आणि सुटे भाग २०३३ पर्यंत मिळतील असं सांगितलं आहे. आपल्या पट्ट्यात २००५ ते २०१५ या काळात आलेल्या असेंब्ली आणि टेस्टिंग मशीन्समध्ये हा पीएलसी पावलोपावली सापडतो. म्हणजे मशीन ठणठणीत आहे, पण तिचा मेंदू म्हातारा झालाय आणि बदली मेंदू दिवसेंदिवस महाग होणार आहे. तुमचा हात दुसऱ्या मेकवर बसला असेल तर त्याचं जुनं घराणं घ्या, किंवा विंडोज ७ वर अडकलेले स्काडाचे पीसी घ्या (त्याचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, तरी शॉप फ्लोअरवर ते आजही दिसतात). पण एकच घ्या.

आता कुठल्या कंपनीत काय बसलंय हे बाहेरून कळतं कसं? नोकरीच्या जाहिराती वाचा. ‘मेंटेनन्स इंजिनिअर हवा, एस७-३०० आणि स्टेप ७ चा अनुभव आवश्यक’ एवढ्या एका ओळीत प्लांटचं निम्मं चित्र असतं. इलेक्ट्रिकल काँट्रॅक्टर आणि कॉम्प्रेसरच्या सर्व्हिसची मुलं आठवड्याला चार प्लांट फिरतात, त्यांच्याशी चहा घ्या. डिस्ट्रिब्युटरच्या सेल्सवाल्याला कुणाचे दर विचारू नका, तो सांगणारही नाही आणि सांगू नयेच. जुनी मॉड्यूल्स कोण शोधत फिरतंय एवढं तो बोलण्याच्या ओघात सांगतो.

पैशाच्या बाजूची माहिती उघड असते, फक्त आपल्या धंद्यातलं कुणी ती उघडून पाहत नाही. मध्यम आकाराची कंपनी शेअर बाजारात नसली तरी बँकेच्या कर्जासाठी क्रिसिल, इक्रा, केअर यांच्यापैकी कुणाकडून तरी रेटिंग घेते. त्या रेटिंगबरोबर दोन-तीन पानांचं टिपण संकेतस्थळावर फुकट असतं. नवीन कॅपेक्स किती, तो कर्जातून की स्वतःच्या पैशातून, मुख्य गिऱ्हाइकं कोण, रोकड किती ताणलेली, हे सगळं त्यात साध्या भाषेत लिहिलेलं असतं. रेटिंग नुकतं घसरलेल्या कंपनीला यादीत घ्यायच्या आधी दोनदा विचार करा, कारण काम मिळेल आणि पैसे अडकतील. कॉर्पोरेट मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीच्या मालमत्तेवर चढलेल्या बोज्यांची नोंद दिसते. नवा मोठा बोजा चढला असेल तर बहुधा नवी लाइन येत असते.

एवढं करून दहा नावं उरली की प्रत्येक कंपनीत चार माणसं शोधा: मेंटेनन्स हेड, प्लांट हेड, परचेसचा माणूस आणि शिफ्टचा इलेक्ट्रिशियन. म्हणजे दहा कंपन्यांची चाळीस माणसं. महिन्यातून प्रत्येकाशी एकदा काहीतरी कामाचं बोलायचं म्हटलं तर आठवड्याला दहा संपर्क होतात, तुम्हा दोघांत पाच-पाच. हे रोजची कामं सांभाळून जमतं. पंचवीस कंपन्या घेतल्या असत्या तर जमलं नसतं, आणि दहाचा आकडा ठेवायचं खरं कारण हेच.

या चौघांत सुरुवात मेंटेनन्स हेडपासून करा, पण त्याला काय हवंय ते नीट ओळखा. त्याला नवं तंत्रज्ञान नकोय. लाइन बंद पडल्यावर सकाळच्या मीटिंगमध्ये ‘स्पेअर का नव्हतं?’ हा प्रश्न त्याच्यावर येऊ नये, एवढंच त्याला हवंय. इलेक्ट्रिशियनला फोन उचलणारा माणूस हवाय. प्लांट हेडला दिवसाचा आकडा हवाय. परचेसला तुलना करता येतील अशी तीन कोटेशन्स आणि पेमेंटच्या अटी. यांतल्या कुणालाही तुमचं बावीस पानी प्रोफाइल नकोय, म्हणून उत्तर आलं नाही.

आता एक कंपनी धरून शेवटपर्यंत जाऊ. आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे तुम्ही घाला.

चाकणला ब्रेकचे भाग बनवणारी एक कंपनी समजा. सहा मशीन्स एस७-३०० वर: तीन असेंब्ली स्टेशन, दोन वॉशिंग मशीन्स आणि एकच लीक टेस्ट मशीन. प्रत्येक नग त्या लीक टेस्टमधून जातो, म्हणजे लाइनचा गळा तिथे आहे. पंचेचाळीस सेकंदांना एक नग, तासाला ८०. नगामागे ७५ रुपये सुटतात असं धरा, तर तासाला ६,००० रुपये. दिवसाचे २० तास लाइन चालते, म्हणजे दिवसाला १ लाख २० हजार. सीपीयू गेला, कपाटात स्पेअर नाही आणि कुठून तरी मिळवून चालू करायला तीन दिवस लागले, तर ३ लाख ६० हजारांचा फटका. गाडी कंपनीची लाइन थांबली तर त्याचा दंड वेगळा.

इथे बहुतेक ऑटोमेशनवाले एकच चूक करतात. सहाही मशीन्स सीमेन्सच्याच नव्या एस७-१५०० वर नेण्याचं कोटेशन देतात. मशीनला ७ लाख धरले तरी ४२ लाख. ती रक्कम प्लांटच्या हातातली नसते, ती मुख्यालयाच्या कॅपेक्समध्ये जाते, तिथे ‘पैसे किती वर्षांत सुटतात?’ असं विचारलं जातं, आणि खरं उत्तर असं असतं की चालू मशीनचा पीएलसी बदलून एकही नग जास्त निघत नाही. मेंटेनन्स हेडला ते पटलेलं असतं, वरच्याला पटत नाही, फाइल पडून राहते. वर्षभराने तुम्ही फोन केला की तो बिचारा तुमचा फोन टाळायला लागतो.

त्याऐवजी फक्त लीक टेस्ट मशीनचं बोला. ७ लाखांत ती एक नव्या पीएलसीवर जाते. आणि तिच्यातून निघालेला सीपीयू, इनपुट-आउटपुट मॉड्यूल्स, इंटरफेस मॉड्यूल हे सगळं तपासून, लेबल लावून उरलेल्या पाच मशीन्ससाठी स्पेअर म्हणून कपाटात जातं. गळा मोकळा झाला आणि बाकीच्यांना स्पेअरही मिळाले, तेही जास्तीचा पैसा न देता. प्लांट हेडला हे दोन मिनिटांत कळतं आणि रक्कमही बऱ्याच ठिकाणी त्याच्या आवाक्यातली असते. आधी फक्त एवढं बघून घ्या की काढलेले सीपीयू आणि मॉड्यूल्स उरलेल्या मशीन्समधल्यांशी जुळतात का. सहा मशीन्स तीन वेगळ्या बिल्डर्सची असतील तर सगळं जुळणार नाही, आणि जे जुळत नाही ते कोटेशनमध्येच सांगा.

पण अनोळखी फर्मला ७ लाखांचं काम कुणी देत नाही, आणि लाइनच्या गळ्याला हात तर लावूच देत नाही. म्हणून त्याच्या आधीची पायरी: बॅकअपचं काम. सहाही मशीन्सचे पीएलसी प्रोग्रॅम, एचएमआय, ड्राइव्हचे पॅरामीटर, पॅनेलचे फोटो, आय-ओची यादी, आणि कुठला भाग गेला तर काय थांबेल याचं एक पान. किंमत समजा ४५ हजार. हे फुकट करू नका. फुकटच्या ऑडिटचा रिपोर्ट कुणी वाचत नाही, आणि त्याला पीओ नसल्यामुळे तुमचा व्हेंडर कोडही तयार होत नाही. ४५ हजारांच्या पीओचा खरा फायदा तो कोड आहे. प्रत्येक प्लांटमध्ये मेंटेनन्सच्या सहीने निघणाऱ्या खर्चाची एक मर्यादा असते. ती पहिल्याच भेटीत सरळ विचारा आणि तुमचा आकडा तिच्या खाली बसवा.

बॅकअप ऐकायला किरकोळ वाटतं, पण तुमचा हात किती बसलाय हे त्यातच दिसतं. एस७-३०० मधून प्रोग्रॅम अपलोड करून घेतला तर लॉजिक येतं, पण सिम्बॉल आणि कॉमेंट येत नाहीत. ते फक्त मूळ प्रोजेक्ट फाइलमध्ये असतात, आणि ती मशीन-बिल्डरबरोबर गेलेली असते. काही ब्लॉक कुलूपबंद असतात. एचएमआयचं बॅकअप घेता येतं आणि त्याच मॉडेलच्या दुसऱ्या पॅनेलमध्ये तसंच घालता येतं, पण मूळ प्रोजेक्ट पॅनेलमध्ये ठेवलेलं नसेल तर ते उघडून एक अक्षरही बदलता येत नाही. या गोष्टी कामाच्या आधी लिहून द्या: काय मिळेल, काय कदाचित मिळणार नाही. मी प्लांटच्या बाजूला असताना ‘सगळं मिळेल साहेब’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘तुमच्या वॉशिंग मशीनचे दोन ब्लॉक उघडणार नाहीत’ म्हणणाऱ्याला परत बोलावलं जायचं.

काम सुट्टीच्या दिवशी घ्या. आपल्याकडे बऱ्याच प्लांटची आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते. मशीन होम पोझिशनला, लेखी परवानगी हातात, सोबत प्लांटचा माणूस, आणि तुमच्या इंजिनिअरला एकच ताकीद: पीएलसीतून लॅपटॉपवर घ्यायचंय, लॅपटॉपवरून पीएलसीत काहीही टाकायचं नाही. या एका चुकीच्या क्लिकने चालू मशीन बंद पडू शकतं, आणि मग दहातली एक कंपनी कायमची गेली समजा. मेमरी कार्डाचं विसरू नका. या सीपीयूंना प्रोग्रॅमसाठी मायक्रो मेमरी कार्ड लागतं. कार्ड खराब झालं तर कपाटातला नवाकोरा सीपीयूही उपयोगाचा नाही. कित्येक ठिकाणी सीपीयू स्पेअर ठेवलेला असतो आणि कार्ड नसतं. रिपोर्टमध्ये ही एक ओळ लिहिलीत तरी मेंटेनन्स हेड तुम्हाला लक्षात ठेवील.

पहिला निरोप असा काहीतरी जाऊ द्या. अमराठी साहेब असतील तर ई-मेल इंग्रजीतून, मजकूर हाच:

“नमस्कार सर. आम्ही भोसरीत जुन्या पीएलसीच्या मशीन्सचं काम करतो. तुमच्या जाहिरातीत एस७-३०० चा उल्लेख पाहिला म्हणून लिहितोय. तुमच्याकडे या मशीन्सचे चालू स्थितीतले बॅकअप आणि स्पेअर मेमरी कार्ड आहेत का? नसतील तर एका सुट्टीच्या दिवशी येऊन आम्ही सगळ्या मशीन्सचं बॅकअप आणि स्पेअरची यादी करून देतो. काय मिळेल आणि काय मिळणार नाही याचं एक पान सोबत जोडलंय. मंगळवारी सकाळी पंधरा मिनिटं प्लांटला येऊन बोललो तर चालेल का?”

यात तुमच्या फर्मची स्थापना, ध्येय, आयएसओ प्रमाणपत्र काहीच नाही. एक प्रश्न आहे, ज्याचं उत्तर बहुतेक वेळा ‘नाहीत’ असं असतं आणि ते त्याला माहीत असतं. उत्तर आलं नाही तर चार-पाच दिवसांनी फोन करा, आणि फोनवर पुन्हा तेच वाचू नका. ‘मेमरी कार्डाचं विचारलं होतं’ एवढं म्हणा. त्यानंतरच्या महिन्यात नुसतं ‘फॉलो-अप’ म्हणून लिहू नका. लिहायला काही कामाचं असेल तरच लिहा: अमुक मॉड्यूलची डिलिव्हरी लांबली आहे, तमुकाला पर्यायी भाग हा आहे. इलेक्ट्रिशियनला वेगळं गाठा, व्हॉट्सअ‍ॅपवर, आणि त्याने रात्री फॉल्टचा फोटो पाठवला तर उत्तर द्या. प्लांटच्या आतून तुमचं नाव पहिल्यांदा उच्चारणारा माणूस बहुतेक तोच असतो.

कुठल्या कंपनीकडे आधी जायचं हे आकारावरून ठरवू नका, त्यांच्या वर्षावरून ठरवा. भारतीय आणि जपानी मालकीच्या कंपन्यांचं वर्ष बहुधा एप्रिल ते मार्च असतं. त्यांच्या प्लांटमध्ये पुढच्या वर्षाच्या कॅपेक्सच्या याद्या साधारण नोव्हेंबर ते जानेवारीत बनतात. जर्मन किंवा अमेरिकन मालक असला की कित्येकदा कॅलेंडर वर्ष चालतं आणि याद्या ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्येच बंद होतात. यादी बंद झाल्यावर तुम्ही कितीही सुंदर प्रस्ताव नेला तरी तो वर्षभर टांगला जातो. म्हणून दहा नावांसमोर पहिला रकाना ‘यादी कधी बनते’ हा ठेवा. बॅकअपचं काम त्या तारखेच्या निदान दोन महिने आधी उरकलेलं असलं पाहिजे, म्हणजे तुमच्याच रिपोर्टमधली ओळ त्यांच्या कॅपेक्सच्या यादीत जाते. कॅपेक्सचा फॉर्म भरायचं कंटाळवाणं काम मेंटेनन्स हेडच्या डोक्यावर असतं. त्याला मशीनचं नाव, जोखीम, किंमत आणि बंद ठेवायचे तास एवढं तयार लिहून द्या, त्याच्या फॉर्मच्या नमुन्यात. यासारखी दुसरी मदत नाही.

बदलीचं प्रत्यक्ष काम बहुतेक सगळ्यांना दिवाळीच्या बंदमध्ये हवं असतं. इथे सांभाळा. तुमच्याकडे स्वतंत्रपणे कमिशनिंग करू शकणारी किती माणसं आहेत? सोळा जणांत तीन असतील, फार तर चार. एका दिवाळीत दोनच मशीन्स घ्या, तिसऱ्याला ‘मे महिन्यात करू’ असं स्पष्ट सांगा. दहा कंपन्यांपैकी चौघांनी एकदम होकार दिला म्हणून चार मशीन्स उघडून ठेवली आणि लाइन सुरू व्हायच्या सकाळी दोन बंद राहिली, तर चाकणमध्ये ही बातमी तुमच्या आधी पोचते. शिवाय दिवाळीचं काम म्हणजे हार्डवेअरची ऑर्डर जुलै-ऑगस्टमध्ये गेलेली हवी. आणि प्रत्येक कामात परतीची वाट लिहून ठेवा. जुनी रॅक काढून लगेच स्पेअरच्या कपाटात टाकायची नाही. नव्या पीएलसीवर ठरलेले नग निघेपर्यंत ती परत बसवता येईल अशा अवस्थेत राहिली पाहिजे. अमुक वाजेपर्यंत लीक टेस्टचे आकडे जुन्याशी जुळले नाहीत तर मागे फिरायचं, ती वेळ आधी ठरवा आणि प्लांट हेडची सही घ्या.

पैशाचं थोडक्यात. ७ लाखांत निम्म्याहून जास्त हार्डवेअर असू शकतं. त्याचे पैसे डिस्ट्रिब्युटर आधी मागतो आणि गिऱ्हाईक दोन-तीन महिन्यांनी देतं. अशी तीन कामं एकदम आली तर नफ्यात असूनही पगाराला पैसे राहणार नाहीत. म्हणून हार्डवेअर त्यांनी थेट घ्यावं आणि तुम्ही इंजिनिअरिंग, पॅनेलचे बदल, कमिशनिंग एवढंच घ्यावं असं सुचवा. उलाढाल लहान दिसेल, दिसू द्या. ‘उद्यम’ नोंदणी असेल तर तिचं प्रमाणपत्र व्हेंडर फॉर्मला पहिल्याच दिवशी जोडा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे कायद्याने ठरलेल्या मुदतीत, म्हणजे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिले नाहीत, तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून धरता येत नाहीत, असा आयकराचा नियम २०२३-२४ च्या हिशेबापासून लागू झाला आहे. तेव्हापासून अकाउंट्सची माणसं या प्रमाणपत्राकडे जरा लक्ष देऊ लागली आहेत.

आता ते ‘कोटेशन पाठवा’वालं उत्तर. मशीन न दाखवता, एकही प्रश्न न विचारता कोटेशन मागितलं असेल तर बहुधा तुम्ही तिसरं कोटेशन आहात. काम कुणाला द्यायचं ते ठरलंय, फाइलला तीन कागद हवेत. याची परीक्षा सोपी आहे. ‘आय-ओ लिस्ट पाठवा किंवा मशीन बघायला वेळ द्या’ असं म्हणा. दोन्ही मिळालं नाही तर दोन दिवस खर्चून अंदाजपत्रक करू नका. एका पानावर ढोबळ आकडा पाठवा आणि पुढच्या नावाकडे वळा. दुसरी खूण: मेंटेनन्स हेड तीनदा भेटतो, चहा पाजतो, पण प्लांट हेडशी गाठ घालून देत नाही. त्याचा एक तर वर दबदबा नाही, किंवा त्याचा ठरलेला माणूस आहे आणि तुमच्याकडून त्याला फक्त दर समजून घ्यायचाय. अशा वेळी त्याला डावलून वर जाऊ नका. त्या कंपनीला सहा महिने बाजूला ठेवा. मेंटेनन्स हेड बदलतात, आणि बदलून गेलेला माणूस नव्या प्लांटमध्ये तुमचं नाव घेऊनही जाऊ शकतो. दर तीन महिन्यांनी यादी उघडा. ज्या कंपनीत अजून एकही मशीन डोळ्यांनी पाहायला मिळालं नाही ती काढा, नवी घाला. दहा जागा कायम, नावं बदलती.

यासाठी सॉफ्टवेअर विकत घेऊ नका. कंपनीमागे एक्सेलचं एक पान पुरे: मशीन, पीएलसी, साल, चार माणसं, यादीची तारीख, शेवटचं बोलणं आणि पुढचं बोलणं कधी. पुढच्या तारखेचा रकाना रिकामा दिसला की ती कंपनी निसटली.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण सांगतो. या दहांपैकी एक-दोघं तुमच्या सत्तर टक्क्यांच्या गिऱ्हाइकाचे प्रतिस्पर्धी असणार. जुन्या गिऱ्हाइकाशी केलेला गोपनीयतेचा करार काढून वाचा, विशेषतः त्याच मशीनसारखं मशीन दुसऱ्याला करून द्यायला बंदी आहे का ते. मोबाइलमध्ये त्यांच्या लाइनचे व्हिडिओ असतील तर ते नव्या प्लांटमध्ये दाखवू नका, नाव झाकूनही नाही. समोरचा माणूस व्हिडिओ कौतुकाने बघतो, आणि उद्या आमची लाइनही अशीच कुणाला तरी दाखवाल, हे मनात टिपून ठेवतो. दाखवायचं असेल तर तुमच्या शेडमधलं पॅनेल दाखवा, वायरिंगचे फेरूल, टर्मिनलची लेबलं, आणि बॅकअपच्या रिपोर्टचा नमुना, ज्यात मशीनचं नाव ‘मशीन क्र. १’ एवढंच असेल.